कलम सातमधली एक ओळ

माझी कादंबरी उदगीरच्या मोंढ्यातल्या एका हमालावर आहे. पुण्याच्या एका प्रकाशकानं ती स्वीकारली आणि काही दिवसांनी चार पानी करारनामा पाठवला. पहिली तीन पानं मला सरळ वाटली: पाचशे प्रतींची आवृत्ती, छापील किंमत ३२० रुपये, विक्रीवर दहा टक्के मानधन, लेखिकेला पंधरा प्रती. कलम सात मात्र असं होतं: ‘सदर साहित्यकृतीचे मुद्रण, ई-बुक, ऑडिओ, भाषांतर, नाट्य, चित्रपट, मालिका तसेच ज्ञात व भविष्यातील सर्व माध्यमांतील हक्क लेखिका प्रकाशकास कायमस्वरूपी देत आहे. त्यातून येणारे उत्पन्न उभयतांत समसमान वाटले जाईल.’

लातूरच्या एका वकील मित्रानं फोनवर ते कलम ऐकलं आणि म्हणाला, “मॅडम, वावर बटईनं मागायला आले अन् सातबाराच नावावर करून घ्यालेत की.”

तो जे बोलला त्याचा अर्थ मी कायद्यातच शोधला. स्वामित्व हक्क अधिनियम १९५७ चं कलम १४ वाचलं की एक गोष्ट लख्ख होते. पुस्तकाचा हक्क हा एकच गठ्ठा नाही. प्रती काढणं, लोकांसमोर सादर करणं, भाषांतर करणं, ध्वनिमुद्रण करणं, चित्रपट करणं, रूपांतर करणं ही त्या कलमात वेगवेगळी कृत्यं आहेत. प्रत्येकाची परवानगी वेगळ्या माणसाला, वेगळ्या मुदतीसाठी, वेगळ्या पैशात देता येते. पुढे कलम १९ सांगतं की हक्क देण्याचा कागद लेखी आणि सहीचा असावा लागतो. त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि मोबदला किती हे लिहायचं असतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हे वाचून मला आधी हायसं वाटलं. मग लक्षात आलं की माझ्या करारात ‘कायमस्वरूपी’ असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे पाच वर्षांचा आधार इथे मिळणारच नाही. न लिहिलेल्या ठिकाणी कायदा लेखकाच्या बाजूनं उभा राहतो, म्हणूनच असे करार सगळं लिहून काढतात.

मी प्रकाशनाच्या संपादकांना फोन केला. माणूस सज्जन. मी भांडले नाही, एकच विचारलं: “सर, चित्रपटाचे हक्क विकायला तुमच्याकडे कोण आहे? निर्मात्यांकडे पुस्तकं घेऊन जाणारं?” ते हसले. म्हणाले, “खरं सांगू का, कुणीच नाही. कुणी विचारत आलं तर आम्ही बोलतो.” ऑडिओचं? “तेही तसंच.” इंग्रजी, कन्नड, तेलुगू? “एखादा अनुवादक स्वतःहून येतो.”

प्रकाशकाची बाजू अगदीच पोकळ होती असं मी म्हणणार नाही. नव्या लेखिकेच्या पहिल्या पुस्तकावर त्यांचा संपादनाचा, मुद्रितशोधनाचा, छपाईचा खर्च होतो. पाचशे प्रती संपतील याची खात्री नसते. उद्या पुस्तकाला नाव मिळालं आणि त्या नावावर कुणी चित्रपट काढला, तर त्यात आपलाही वाटा असावा असं त्यांना वाटणं स्वाभाविक आहे. पण अर्धा वाटा? तोही काहीच न करता, कायमचा? यातला हिशेब साधा होता. अख्खी आवृत्ती विकली गेली तरी छापील पुस्तकातून मला १६,००० रुपये मिळणार होते. बाकीचे हक्क विकले गेले तर त्यांची किंमत याहून जास्त होईल, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

शेवटी जे ठरलं ते असं. मराठीतलं छापील पुस्तक आणि ई-बुक त्यांच्याकडे, सात वर्षांसाठी. आवृत्ती संपल्यावर वर्षभरात नवी काढली नाही तर तेही हक्क माझ्याकडे परत. बाकी सगळे हक्क लेखिकेचे. मात्र त्यांच्यामार्फत एखादा प्रस्ताव आला आणि मी तो स्वीकारला, तर त्या व्यवहाराच्या वीस टक्के त्यांना. मी स्वतः शोधलेल्या व्यवहारात त्यांचा काही संबंध नाही. ‘बाकी सगळे हक्क लेखिकेने राखून ठेवले आहेत’ ही ओळ मी आग्रहानं घालून घेतली. तिचा उपयोग काय, हे पुढे चित्रपटवाल्यांच्या वकिलानं दाखवून दिलं.

भाषांतराचं पहिल्यांदा उगवलं. उदगीरहून बीदर फार लांब नाही, आमच्याकडे घरोघरी कन्नड कानावर असतं. बीदरच्या एका प्राध्यापकांनी कादंबरी वाचली, तीन प्रकरणं कन्नडमध्ये करून पाठवली आणि प्रकाशकही स्वतःच शोधला. त्या प्रकाशकानं पाठवलेल्या मसुद्यात ‘सर्व भारतीय भाषांतील अनुवादाचे हक्क’ मागितले होते. कन्नड प्रकाशकाला तेलुगू आणि हिंदी कशाला हवी, असं विचारल्यावर त्यांनी लगेच ते काढलं. छापील नमुना होता, कुणी वाचला नव्हता. आम्ही लिहिलं: फक्त कन्नड, फक्त छापील पुस्तक, पाच वर्षं, दीड वर्षात प्रसिद्ध झालं नाही तर परवानगी रद्द. किंमत २५० रुपये, मूळ लेखिकेला सात टक्के, अनुवादकाचं मानधन वेगळं.

इथे एक मर्यादा आहे, ती मला अनुवादकांनीच समजावली. कन्नड अनुवाद ही त्यांची स्वतंत्र कृती आहे आणि तिचा हक्क त्यांचा आहे. पाच वर्षांनी माझी परवानगी संपली म्हणून मी तो अनुवाद उचलून दुसऱ्या प्रकाशकाला देऊ शकत नाही, आणि माझ्याशिवाय तेही तो छापू शकत नाहीत. दोघांच्या सह्या लागतात. म्हणून करारात तिघांची नावं आली.

इंग्रजीची चौकशीही एकदा झाली. त्या प्रकाशकाला इंग्रजी अनुवादाबरोबर ‘त्या अनुवादावरून होणारी जगातली सर्व भाषांतरं’ हवी होती. फ्रेंच किंवा जर्मन प्रकाशक मराठीवरून थेट काम करणारा अनुवादक क्वचितच शोधू शकतो; तो इंग्रजीवरूनच जातो. त्यामुळे ही एक ओळ दिली की परदेशी भाषांचा सगळा दरवाजा इंग्रजी प्रकाशकाच्या हातात. त्या बोलण्यातून काही निष्पन्न झालं नाही. पण ती ओळ कुठे येते ते कळलं: ती नेहमी हक्कांच्या यादीत नसते, ‘उपहक्क’ असं शीर्षक असलेल्या मागच्या पानावरही असते.

ऑडिओत मी सगळ्यात जास्त वेळ घातला. स्टोरीटेलसारखी सेवा २०१७ मध्ये भारतात आली तेव्हापासून मराठी पुस्तकं ऐकणारा एक वर्ग तयार झालाय, हे मला विद्यार्थ्यांकडून माहीत होतं. माझ्याकडे आलेली कंपनी दुसरीच, लहान होती. त्यांनी एकरकमी २५,००० रुपये देऊ केले आणि सात वर्षांची मुदत मागितली. पैशांवर मी फार ताणलं नाही. भांडण तीन शब्दसमूहांवर झालं.

पहिला होता मुदतीचा. ‘प्रसिद्धीच्या दिनांकापासून सात वर्षे’. ऐकायला योग्य वाटतं. पण त्यांनी कादंबरी कधी प्रसिद्धच केली नाही तर सात वर्षं सुरूच होत नाहीत, आणि हक्क मात्र त्यांच्याकडे अडकून राहतात. मी मुदत सहीच्या दिवसापासून पाच वर्षं करून घेतली आणि बारा महिन्यांत पुस्तक ऐकायला उपलब्ध झालं नाही तर हक्क आपोआप परत, असं लिहून घेतलं.

दुसरा होता हक्काच्या वर्णनाचा: ‘ध्वनिस्वरूपातील वाचन, नाट्यरूपांतर, मालिका व त्यावर आधारित सर्व कृती’. शेवटचे चार शब्द वकील मित्राला खटकले. ध्वनिमालिकेवरून कुणी वेब मालिका केली तर तीही ‘त्यावर आधारित’ होते. म्हणजे पंचवीस हजारांत ऑडिओबरोबर पडद्याचे हक्कही मागच्या दारानं गेले असते. आम्ही तिथे लिहिलं: ‘मूळ मराठी मजकुराचे, कोणताही बदल न करता केलेले वाचन’. कंपनीनं नाट्यरूपांतर सोडून दिलं, कारण मुळात त्यांना ते करायचंच नव्हतं.

तिसरी गोष्ट आवाजाची. माझे हमाल ‘काय करलालास?’ म्हणतात, ‘जेवलालो’ म्हणतात. पहिल्या नमुन्यात निवेदकानं ते इतकं स्वच्छ आणि सुटं सुटं वाचलं की मोंढ्यातली माणसं व्याख्यानमालेत बोलताहेत असं वाटलं. निवेदक कोण असावा हे ठरवण्याचा हक्क कंपनी सहसा देत नाही. पण ‘निवेदकाचा पाच मिनिटांचा नमुना लेखिकेला ऐकवून तिची संमती घेतली जाईल’ एवढं मात्र मान्य झालं. शेवटी नांदेडच्या नाट्यक्षेत्रातल्या एका मुलानं वाचलं. ‘सर, हे मी घरी बोलतो तसंच आहे,’ असं तो ध्वनिमुद्रकाला म्हणाला म्हणे.

एक गोष्ट मात्र मिळाली नाही आणि मिळणारही नव्हती. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करणाऱ्याचा असतो. पाच वर्षांनी कंपनीला ते उतरवावं लागेल, पण ते ध्वनिमुद्रण माझ्या मालकीचं होणार नाही. दुसऱ्याला द्यायचं तर पुन्हा नव्यानं वाचून घ्यावं लागेल.

चित्रपटाचा फोन आला तेव्हा कादंबरी येऊन दोन पावसाळे झाले होते. मुंबईची निर्मिती संस्था, मराठवाड्यातलाच एक तरुण दिग्दर्शक. त्यांना हक्क लगेच विकत नको होते, ‘ऑप्शन’ हवं होतं. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: ऑप्शन म्हणजे ठरावीक काळ तुम्ही चित्रपटाचा हक्क दुसऱ्या कुणाला देणार नाही, एवढ्याचे पैसे. त्या काळात निर्माता पटकथा लिहवतो, पैसा उभा करतो, नट शोधतो. जमलं तर आधीच ठरलेल्या किमतीला हक्क विकत घेतो. नाही जमलं तर मुदत संपते, दिलेले पैसे लेखिकेचे राहतात आणि हक्कही तिच्याकडेच राहतो.

आमचे आकडे असे होते. हक्काची पूर्ण किंमत ६ लाख. ऑप्शनचे ६०,०००, दीड वर्षासाठी. पुढे खरेदी झाली तर हे साठ हजार सहा लाखांतून वजा. मुदत एकदाच वाढवता येईल, एका वर्षानं, त्याचे ४०,०००, आणि हे मात्र वजा होणार नाहीत. किंमत आधीच ठरवून घेणं फार महत्त्वाचं होतं. ‘किंमत नंतर परस्पर संमतीने’ असं लिहिलं की ऑप्शनला अर्थ राहत नाही. निर्मात्याला काय विकत घेता येईल ते ठरतच नाही आणि वाद होतात.

त्यांच्या वकिलानं पहिली मागणी केली ती प्रकाशकाच्या ना-हरकत पत्राची आणि मूळ कराराच्या प्रतीची. पुस्तकाचा हक्क लेखिकेपासून त्यांच्यापर्यंत कसा आला, मधे कुणाचा दावा आहे का, हे ते तपासतात. पैसे लावणारा दुसरा कुणी पुढे आला तर तोही हीच कागदपत्रं मागतो. माझ्याकडे कलम सात होतं, बदललेलं. ‘बाकी सगळे हक्क लेखिकेने राखून ठेवले आहेत.’ प्रकाशकानं दोन ओळींचं पत्र दुसऱ्याच दिवशी दिलं. वकिलानं मग ऑडिओचा करार मागितला, तो वाचला आणि ‘बदल न करता केलेले वाचन’ पाहून पुढे काही विचारलं नाही. माझ्या ओळखीतल्या एका लेखकाचा असाच व्यवहार याच टप्प्यावर अडकला होता. त्याच्या जुन्या करारात ‘सर्व हक्क’ होते, प्रकाशकाचं निधन झालं होतं, वारसांत एकमत नव्हतं, आणि निर्मात्यानं वाट पाहून दुसरी गोष्ट घेतली.

मग मसुदा आला, वीस-बावीस पानांचा. त्यातल्या एका ओळीवर वकील मित्रानं लाल पेनानं गोल केला होता: ‘कलम १९(४) च्या तरतुदी या करारास लागू होणार नाहीत’. कायद्याचं ते पोटकलम म्हणतं की ज्याला हक्क दिला त्यानं तो वर्षभरात वापरला नाही, तर तो हक्क लेखकाकडे परत गेला असं समजावं, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर. चित्रपटाला वर्ष पुरत नाही हे उघड आहे, त्यामुळे निर्माते ही ओळ घालतातच आणि ती पूर्ण खोडायला कुणी तयार होत नाही. आम्ही खोडली नाही. तिच्यापुढे जोडलं: ‘परंतु खरेदी झाल्यापासून पाच वर्षांत मुख्य चित्रीकरण सुरू झाले नाही तर सर्व हक्क लेखिकेकडे परत जातील व मिळालेली रक्कम परत करावी लागणार नाही.’ यावर दोन आठवडे ओढाताण झाली. त्यांना सात वर्षं हवी होती. सहावर जमलं.

‘ज्ञात व भविष्यात शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांत’ हेही होतंच. २०१२ च्या दुरुस्तीनंतर करार करताना अस्तित्वात नसलेलं किंवा व्यवसायात वापरात नसलेलं माध्यम त्या करारात आपोआप येत नाही, त्याचा नेमका उल्लेख लागतो. एवढा मोघम उल्लेख पुरतो का, हा वकिलांचा वाद. आम्ही तो वाद टाळून माध्यमांची नावंच घातली: चित्रपटगृह, दूरचित्रवाणी, इंटरनेटवरून दाखवणं. मराठी आणि इतर भारतीय भाषांत डबिंग. हिंदीत नव्यानं काढायचा तर वेगळी रक्कम. दुसरा भाग काढायचा तरी वेगळी.

आणि मी काय राखून ठेवलं याची स्वतंत्र यादी जोडली. पुस्तकाची सर्व रूपं आणि भाषांतरं. वाचन स्वरूपातलं ऑडिओ. रंगभूमी. याच पात्रांवर मी पुढे लिहिलेली कोणतीही गोष्ट. त्यांच्या वकिलाला शेवटचं पटेना. “मॅडम, मग आमच्या पात्रावर तुम्ही उद्या दुसरी कादंबरी लिहाल.” मी म्हटलं, “तो हमाल माझाच आहे, भाऊ. तुम्ही त्याला दोन तासांसाठी नेताय.” तोडगा असा निघाला की मी लिहू शकते, पण चित्रपट प्रदर्शित झाल्यापासून तीन वर्षं त्या नव्या लिखाणाचे पडद्याचे हक्क आधी त्यांना दाखवायचे. जाहिरातीसाठी पुस्तकातला साडेसात हजार शब्दांपर्यंतचा मजकूर किंवा सारांश त्यांना छापता येईल, त्याहून जास्त नाही. नाहीतर चित्रपटाच्या नावानं दुसरं पुस्तकच बाजारात येतं.

पुढे काय झालं ते सांगते. दीड वर्षात पटकथेचे तीन मसुदे झाले. त्यांनी मुदत वाढवली, ४०,००० दिले. मग पैसे लावणारा मागे हटला. वाढीव वर्षही संपलं. मी एक पत्र पाठवलं: ऑप्शन अमुक तारखेला संपलं, हक्क माझ्याकडे आहेत, कृपया पोच द्यावी. पोच घेणं गरजेचं होतं, कारण पुढच्या निर्मात्याचा वकील ‘आधीचं ऑप्शन संपलं याचा कागद’ मागणारच. पटकथा मात्र त्यांच्याकडे राहिली. ती माझी नाही. तिच्यावरून त्यांना चित्रपट काढता येणार नाही आणि मला ती दुसऱ्याला देता येणार नाही.

न बनलेल्या चित्रपटातून एक लाख रुपये माझ्याकडे राहिले. पाचशे प्रतींच्या आवृत्तीच्या सहापट. जुन्या कलम सातनं त्यातले पन्नास हजार प्रकाशकाचे झाले असते, आणि मुदत वाढवायची की नाही, हे माझ्याऐवजी पुण्यात ठरलं असतं.

ऑप्शन चालू असतानाच लातूरची एक नाट्यसंस्था आली होती. राज्य नाट्य स्पर्धेसाठी त्यांना कादंबरीचं दोन अंकी नाटक करायचं होतं. निर्मात्यांच्या मूळ मसुद्यात रंगभूमी त्यांच्याकडे होती. ती तशीच राहिली असती तर या पोरांना मला नाही म्हणावं लागलं असतं, किंवा मुंबईला पत्र लिहून परवानगीची वाट पाहावी लागली असती. मी एका पानाचा कागद केला. फक्त मराठी, फक्त हौशी प्रयोग, एक वर्ष. स्पर्धेच्या प्रयोगाला मानधन नाही, तिकीट लावून केलेल्या प्रत्येक प्रयोगाला एक हजार रुपये, आणि प्रयोगाचं चित्रीकरण करून कुठेही दाखवायचं नाही. ही शेवटची अट निर्मात्यांसाठी होती, कारण नाटकाचं चित्रीकरण इंटरनेटवर गेलं की ते पडद्याच्या हक्कात घुसतं. दिग्दर्शक पोरगा म्हणाला, “मॅडम, आम्ही मोबाईलवर तालमीचं शूटिंग करतो, ते चालंल ना?” तालमीचं चालेल, असं मी त्याच कागदावर हातानं लिहून दिलं आणि दोघांनी शेजारी सही केली.